पंपाला किती मिली?

(दहावीच्या 2009 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलताना झाले तसेच, थोडी काटछाट करून, स्मरणिकेसाठी दिले आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू ड्रोन उडवतोस, त्यावर बोल." सकाळपासून तिघांनी विचारलंही, की ड्रोन बाहेर आणलाय का, लग्नात काढतात तसा फोटो काढशील का. ड्रोन आणलेला नाही. माझ्या ड्रोनला कॅमेऱ्यापेक्षा टाकी महत्त्वाची, आणि त्या टाकीत औषध असतं. तेव्हा फोटो नाही, गोष्ट सांगतो. गोष्ट माझी आहे, पण अर्धी आपल्या वर्गातल्या दुसऱ्या एकाची आहे. तो इथेच बसलाय. "बोल, पण नाव घेऊ नको" अशी परवानगी त्याने दिली आहे. आपण त्याला शेवटच्या बाकावरचा म्हणू. तो बसायचाही तिथेच.

2017 चा पावसाळा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कुणीच विसरलेलं नाही. त्या वर्षी पराटी माणसाच्या डोक्याला लागत होती. फवारणारा ओळीत शिरला की औषध खाली पडण्याऐवजी त्याच्याच तोंडावर यायचं. त्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या शेकड्यांत माझे बाबा होते.

मी तेव्हा आयटीआय करून पुण्याकडे कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. आईचा फोन आला, "बाबाले दिसून नाही राह्यलं." मी पोचलो तेव्हा बाबांच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने ओलं होतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, ही या प्रकारच्या औषधाची खूणच आहे. बाहुल्या पुन्हा मोठ्या होईपर्यंत आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत ते अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं देत राहिले. बाबा वाचले. त्या दिवशी त्यांच्यासोबत वावरात दुसरा पंप पाठीवर घेऊन शेवटच्या बाकावरचा होता. त्यानेच त्यांना बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. त्याला काही झालं नाही, कारण तो वाऱ्याकडे पाठ करून उलटा चालत फवारत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग मी पुण्याला परत गेलो, पण मन लागेना. 2021 च्या ऑगस्टमध्ये सरकारचे ड्रोनचे नवे नियम आले. ड्रोन चालवायला वय 18 पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण लागतं, हे कळलं. दहावीची मार्कशीट तर होती, भूमितीत कशीबशी तरली होती तीच. 2022 मध्ये आठवडाभराचं प्रशिक्षण घेऊन चालकाचं प्रमाणपत्र मिळवलं. पण आठवड्याभरात माणूस उडवायला शिकतो, दुरुस्त करायला शिकत नाही. म्हणून वर्षभर एका फवारणी करणाऱ्या कंपनीत तंत्रज्ञ म्हणून हाताखाली काम केलं. मोटर, पंप, नोझल, बॅटरी, सगळं उघडून जोडून पाहिलं. मग कर्ज काढलं आणि गावात ड्रोन आणला.

पहिल्या दिवशी बाबांच्याच धुऱ्यावर चाळीस-पन्नास माणसं जमली. ड्रोन चार-पाच मिनिटांत एकर फवारून उतरला. टाळ्या नाहीत की काही नाही. एक काका म्हणाले, "काऊन रे, दहा लिटर पान्यात एकर व्हते का? आमाले दहा पंप लागते."

काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझं पहिलं वर्ष त्याचंच उत्तर देण्यात गेलं. आपल्याकडे औषधाचं माप एकरावर नसतं, पंपावर असतं. दुकानदार सांगतो, "पंपाला आठ मिली." पंप पंधरा लिटरचा, एकराला पंप दहा. म्हणजे एकराला पाणी दीडशे लिटर आणि औषध ऐंशी मिली. ड्रोनमध्ये पाणी कमी होतं, औषध कमी होत नाही. तेच ऐंशी मिली दहा लिटर पाण्यात जातं. ज्यांना हे कळलं नाही त्यांनी "एक टाकी म्हणजे एक पंप" समजून आठ मिली टाकायला सांगितलं. एकदा मी बाजूला होतो, तर शेतकऱ्याने स्वतःच तसं टाकलं. आठ दिवसांनी मावा-तुडतुडे जसेच्या तसे, आणि गावभर बातमी की ड्रोनचं औषध लागत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ऐंशी मिली दहा लिटरमध्ये म्हणजे टाकीतलं पाणी पंपातल्या पाण्यापेक्षा जवळपास पंधरापट कडक. ते हातावर सांडलं, वाऱ्याने शेजारच्या गुरांच्या गोठ्यावर गेलं, किंवा त्यात भलतंच काही मिसळलं, तर चुकही पंधरापट. हे गणित मला पाठ होतं. तरी पुढे मीच फसलो. ते सांगतोच.

त्याआधी सरांसाठी एक गणित. सर, तुम्ही काळ-काम-वेग शिकवताना मी खिडकीबाहेर पाहायचो, त्याची फेड आता रोज करतो. ड्रोन सेकंदाला चार मीटर जातो आणि चार मीटर रुंदीचा पट्टा फवारतो. म्हणजे सेकंदाला सोळा चौरस मीटर. एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर, म्हणजे अडीचशे सेकंद. अडीचशे सेकंदांत दहा लिटर संपवायचं तर मिनिटाला दोन लिटर चारशे मिली बाहेर पडायला हवं. नोझल चार, म्हणून प्रत्येकातून मिनिटाला सहाशे मिली.

रोज सकाळी मी टाकीत साधं पाणी घालतो, ड्रोन जमिनीवर ठेवून पंखे न फिरवता नुसता पंप सुरू करतो आणि चारही नोझलखाली मापाचे मग धरून एक मिनिट मोजतो. एखाद्यातून चारशे ऐंशी आलं, तर जाळीत कचरा आहे. ते तसंच उडवलं तर त्या दिवशी काही कळत नाही. आठवड्याने कळतं, वावरात एका सरळ पट्ट्यात कीड तशीच राहते आणि शेजारचा पट्टा स्वच्छ. रोगकीड अशी पट्टी आखून येत नाही. अशी सरळ रेघ दिसली की दोष यंत्राचा, म्हणजे माझा.

आता शेवटच्या बाकावरच्याकडे येतो. आमच्या गावात हंगामात अकरा जण पंप मारायचे. पंपावर पैसे. तो त्यांतला सगळ्यात चांगला. माझा ड्रोन आला त्या हंगामात त्याचं काम निम्म्यावर आलं. एका संध्याकाळी पारावर, सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुह्यं पाखरू आलं आन् माहा रोज गेला. तुह्या बापाले म्याच गाडीत घातलं होतं, आठवते ना?"

मला काही बोलता आलं नाही. विष पाठीवरून उतरवायला मी ड्रोन आणला होता, आणि ज्याच्या पाठीवरून ते उतरलं त्याच्या घरात त्या महिन्यात किराणा उधार होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि मदतनीस म्हणून ये म्हटलं. ड्रोनच्या कामाला निदान दोन माणसं लागतात, एक उडवणारा आणि एक औषध कालवणारा. तो आला, पण मनापासून नाही. आणि खरं सांगायचं तर मीही त्याला बादली उचलायला ठेवलं होतं, विचारायला नाही.

जुलैचा महिना होता. तीन एकर पराटी, गुडघ्याएवढी, तुडतुड्यांची फवारणी. मी सकाळी यंत्र तपासलं. नोझल चारही सहाशेच्या आसपास, बॅटऱ्या भरलेल्या, पंख्यांना कुठे चीर नाही, वारा शांत. आमची कालवायची बादली त्या दिवशी घरीच राहिली होती. शेतकऱ्याने गोठ्यातून त्याची बादली दिली. मी बोअरच्या पाण्याने ती एकदा खळबळून घेतली.

शेवटच्या बाकावरच्याने बादली नाकाशी धरली आणि म्हणाला, "थांब जरा. हिले वास येऊन राह्यला. तनाच्या औषधाचा."

मी म्हटलं, "धुतली ना आत्ता. ऊन चढतंय, चल लवकर."

तो गप्प बसला. तीन टाक्या, तीन एकर, तासाभरात काम उरकलं. मी खूश होतो.

नवव्या दिवशी शेतकऱ्याचा फोन. वावरात गेलो तर पोटात खड्डा पडला. पराटीची नवी पानं भेंडीच्या पानासारखी झाली होती. लांबट, बोटं फुटलेली, शिरा जवळजवळ, शेंडे वाकलेले. शेजारी जमलेल्यांनी निकाल देऊन टाकला, "ड्रोनची हवा लागली." कुणी म्हणालं रोग आहे, कुणी म्हणालं बियाणं खराब.

मी धुऱ्यावर बसलो आणि विचार केला, की यंत्र जसं तपासतो तसं वावरही तपासावं. रोग असता तर इथे एक झाड, तिथे एक झाड असा विखुरला असता. शेजारच्या मक्यातून तणनाशक उडून आलं असतं तर त्या बाजूच्या कडेला सगळ्यात जास्त आणि आत जाताना कमी होत गेलं असतं. इथे तसं नव्हतं. पहिला एकर पूर्ण खराब, कडेपासून कडेपर्यंत सारखा. दुसऱ्या एकरात थोडी पानं. तिसरा एकर हिरवागार. आणि पहिला एकर जिथे संपत होता, ती रेघ सरळ होती. मोबाईलमध्ये त्या दिवशीच्या उड्डाणाचा नकाशा उघडला. पहिली टाकी जिथे रिकामी झाली, रेघ बरोबर तिथेच होती.

म्हणजे दोष टाकीगणिक कमी होत गेला होता. पहिल्या टाकीत काहीतरी होतं, दुसरीत त्याचं धुवण, तिसरीत काही नाही. शेतकऱ्याला विचारलं तर त्याने सांगितलं, दोन दिवस आधी त्याच बादलीत मक्यासाठी टू-फोर-डी कालवलं होतं. मक्याला ते चालतं, रुंद पानाचं तण मरतं आणि मका राहतो. पण पराटी स्वतःच रुंद पानाची, आणि त्यातही या औषधाला फार नाजूक. बादलीच्या बुडाला आणि कडीच्या खाचेत राहिलेला तेलकट थर एकदा खळबळल्याने जात नाही. पाठीवरच्या पंपात तो दीडशे लिटरमध्ये पसरला असता आणि कदाचित कमी भोवला असता. माझ्या दहा लिटरमध्ये तो एका एकरावर तसाच्या तसा पडला.

यंत्र निर्दोष होतं. बादलीने घात केला. आणि बादलीचं ज्याला कळलं होतं त्याला मी गप्प केलं होतं.

शेतकऱ्यासमोर मी खरं ते सांगितलं. बादली त्याची होती, पण तपासायचं काम माझं होतं. आम्ही वाकडे झालेले शेंडे खुडले, युरियाची हलकी फवारणी दिली. झाडं मेली नाहीत, महिन्याभरात नवीन फूट सरळ आली, पण पहिल्या एकराची पहिली वेचणी गेलीच. तिची भरपाई मी दिली. त्या हंगामाची माझी जवळपास सगळी शिल्लक त्यात गेली आणि बँकेचा हप्ता बाबांनी तूर विकून भरला. बाबा एवढंच म्हणाले, "दवाखान्यापरीस स्वस्त पडलं."

त्या रात्री मी शेवटच्या बाकावरच्याच्या घरी गेलो. म्हटलं, चुकलो. तो म्हणाला, "तू यंत्राले विचारते, मानसाले नाही विचारत." सर, दहावीला तुम्ही मला जे जे बोललात ते सगळं मी विसरलो, हे वाक्य विसरणार नाही.

तेव्हापासून आमच्या कामाची रीत बदलली. बादली, माप, गाळणी आमचीच, दुसऱ्याची घ्यायची नाही. तणनाशकाच्या कामाची बादली लाल रंगवली आहे, ती घरातून फक्त तणाच्या कामाला निघते. प्रत्येक काम संपल्यावर टाकी आणि नळ्या तीनदा धुवायच्या, आणि ते पाणी विहिरीपासून, नाल्यापासून लांब टाकायचं. शेतकऱ्याने दोन-तीन औषधं एकत्र आणली तर आधी थोडं थोडं काचेच्या बाटलीत कालवून ठेवून पाहायचं, कारण इतक्या कमी पाण्यात ती कधीकधी दुधासारखी फाटतात आणि नोझल बंद करतात. आणि सगळ्यात मोठा नियम, उडवायचं की नाही हे तो ठरवतो. वाऱ्याचा मीटर माझ्या हातात असतो, पण तो धुऱ्यावरची माती चिमटीने सोडतो, गोठा कुठे, विहीर कुठे, शेजारी कोण राबतंय ते पाहतो, आणि "नाही" म्हणाला तर मी बॅटरी काढतो. वाऱ्याकडे पाठ करून उलटं चालणारा माणूस आहे तो. वारा त्याच्याइतका मला कळत नाही.

गावातलं काम काय बदललं, ते जसं आहे तसं सांगतो. पाऊस पडून गेल्यावर आपल्या काळ्या मातीत तीन-चार दिवस पाय ठेवता येत नाही, त्या दिवसांत सोयाबीन आता फवारता येतं. तूर छातीच्या वर गेली आणि फुलावर आली की आत माणूस शिरायला नको, फांद्या मोडायला नकोत, सापाची भीती नको. तिथे ड्रोनसारखं दुसरं साधन नाही. फक्त फुलावर मधमाश्या असतात, म्हणून ते काम आम्ही संध्याकाळीच करतो. एकराला दीडशे लिटर पाणी डोक्यावरून वाहणं बायांच्या वाट्याला यायचं, ते थांबलं. माझी आई म्हणते, ड्रोनमध्ये तिला आवडलेली गोष्ट तेवढी एकच.

पण दाट झालेल्या पराटीत खालच्या पानांपर्यंत औषध नीट पोचत नाही. संत्र्याच्या झाडाच्या पोटात पोचत नाही. तिथे मी शेतकऱ्याला सरळ सांगतो, पंप लाव, आणि तोंडाला कपडा, हातात मोजे, वाऱ्याला पाठ. दुपारी वारा उठला की आमचं काम बंद. बॅटरीची एक जोडी एकर-सव्वा एकर जाते, वीज नसली की जनरेटर गाडीत घेऊन फिरावं लागतं, आणि गरम बॅटरी लगेच चार्ज केली तर ती फुगते. फुगलेली बॅटरी मी कितीही महाग असली तरी पुन्हा लावत नाही.

आणि अकरा जणांचं काय झालं? शेवटच्या बाकावरचा माझा भागीदार आहे. एकराच्या पैशात त्याचा वाटा ठरलेला आहे, रोज नाही. दुसरा एक जण नोझल आणि पंपाची दुरुस्ती शिकला, शेजारच्या गावात बचत गटाच्या एका ताईंना सरकारी योजनेतून ड्रोन मिळालाय, त्यांच्या ड्रोनचं काम आता तोच पाहतो. चौघे अजून पंप मारतात, संत्र्यात आणि दाट पराटीत. बाकी पाच जण गाव सोडून जिनिंगमध्ये, बांधकामावर गेले. त्या पाचांना मी काम देऊ शकलो नाही. कुणी माझा सत्कार करायला लागला की मला ते पाच आठवतात, म्हणून आज हार घेताना मी जरा अवघडलो होतो, ते तुम्ही समजून घ्याल.

तुमच्यापैकी बरेच जण शहरात आहात, पण वावर गावीच आहे. कुणी भाऊ, कुणी काका ते बघतात. यंदा त्यांनी ड्रोनवाला बोलावला तर त्याला फोनवर तीनच गोष्टी विचारा. औषध एकरावर मोजतोस की पंपावर? नोझल आज सकाळी मोजलं का? आणि बादली कुणाची? तिसऱ्या प्रश्नाला तो हसला, तर त्याला माझी ही गोष्ट सांगा.

आपल्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, की शेवटच्या बाकावरच्यांना खिडकीबाहेरचं जास्त दिसतं. बाई, खरं होतं ते. तो समोर बसलाय आणि मघापासून मला घड्याळ दाखवतोय. उद्या सकाळी सातला सोयाबीन आहे, वारा उठायच्या आत संपवायचं आहे.